फुटलेला पत्रा
स्मृती व्याख्यानमाला, पनवेल : व्याख्यानाचा लिखित पाठ



3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर होता आणि मधूनच येणारे झोत 120 पर्यंत जात होते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग या तालुक्यांना सर्वांत मोठा तडाखा बसला, पण रायगड जिल्ह्याचा क्वचितच एखादा कोपरा सुटला असेल. पुढच्या वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून गेले. दोन्ही वेळा पंचनामे झाले, मदतीची यादी निघाली आणि नवे पत्रे चढले. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांच्या चुऱ्याचे काय झाले, याची नोंद मात्र त्या पंचनाम्यांत नव्हती.

तो चुरा कुठे जातो हे कोकणात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोठे तुकडे गोठ्याच्या कुडाला लागतात किंवा कोंबड्यांच्या खुराड्यावर जातात. मधले तुकडे ताडपत्री उडू नये म्हणून वजनाला ठेवले जातात. उरलेला बारीक माल पावसाळ्यात चिखल झालेल्या पायवाटेवर टाकून वर खडी पसरली जाते, नाहीतर रात्रीच्या वेळी खाडीच्या कडेला रिकामा होतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. सिमेंटचा पत्रा म्हणजे सिमेंटच, अशी सगळ्यांची समजूत आहे, आणि नुसत्या सिमेंटचा तुकडा वाटेवर टाकल्याने कुणाचे काही बिघडत नाही.

पण हा पत्रा नुसत्या सिमेंटचा नसतो. त्यात साधारण 8 ते 10 टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असते. ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिमेंट, पाणी आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू एकत्र कालवून त्या पातळ लगद्याचे थरावर थर देण्याची रीत शोधली. त्या रीतीमुळे जेमतेम 6 मिलिमीटर जाडीचा पत्रा पाऊस, ऊन आणि वारा सोसत चाळीस-पन्नास वर्षे टिकू लागला. लोखंड गंजते आणि लाकडाला वाळवी लागते. गरिबाच्या घरावर या पत्र्याइतके स्वस्त आणि टिकाऊ छप्पर दुसरे नव्हते, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पनवेलच्या चाळी, तळोज्याच्या कारखान्यांच्या जुन्या शेड, शाळा, बाजारातले गाळे, सगळीकडे तो याच कारणामुळे पोहोचला.

फुटलेल्या पत्र्याची कड तिरप्या उन्हात धरून पाहिली तर त्याचे थर दिसतात, आणि त्या थरांतून बाहेर आलेली पांढुरकी, रेशमासारखी बारीक लव दिसते. ही लव म्हणजे क्रायसोटाइल, पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस. डोळ्यांना दिसतो तो केसही एकच तंतू नसतो, असंख्य तंतूंचा जुडगा असतो. या खनिजाचा खरा धोका त्याच्या फुटण्याच्या तऱ्हेत आहे. काचेचा तंतू मोडला की आडवा तुटतो आणि आखूड होतो. अ‍ॅस्बेस्टॉस उभे चिरते. घासले, कापले, ठोकले की त्याचे आणखी बारीक आणि तेवढेच लांब तंतू सुटे होतात. हवेत तंतू मोजणारे शास्त्रज्ञ 5 मायक्रॉनपेक्षा लांब आणि 3 मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू धरतात. माणसाचा केस 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. इतका बारीक तंतू नाकाच्या केसांत अडकत नाही, घशात खवखवत नाही, त्याला वासही नसतो. बंद खोलीत तो तासन्‌तास तरंगत राहतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातो.

तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला जातात. तंतू पेशीपेक्षा लांब असला तर तो पुरता गिळला जात नाही. पेशी धडपडते, दाह करणारी द्रव्ये सोडते आणि मरते, मग दुसरी पेशी येते. हा दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. त्यातून फुप्फुस निबर होत जाते, त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. त्यातूनच फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. तिसरा आजार मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. अ‍ॅस्बेस्टॉस सोडले तर त्याची दुसरी कारणे फार थोडी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढरे धरून, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. तंतू शरीरात गेल्यापासून मेसोथेलिओमा दिसू लागेपर्यंत साधारण 20 ते 50 वर्षे जातात. पंचविशीत पत्रे फोडणाऱ्या मुलाला साठीत धाप लागली, तर त्याच्या घरात कुणालाही त्या पत्र्यांची आठवण होत नाही.

हा लांबचा काळ ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना बजावले की, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान 40 वर्षे जपून ठेवावी. हा मोठा निकाल होता. पण तो कारखान्याच्या फाटकाच्या आतल्या कामगारासाठी होता. मे महिन्यात शाकारणीच्या दिवसांत नाक्यावरून बोलावलेल्या पत्रेवाल्याची नोंद कोणाच्याच दफ्तरी नसते.

आता एका गैरसमजाविषयी, कारण भीतीपोटी केलेल्या गोष्टी बेफिकिरीइतक्याच महागात पडतात. धड असलेला, न तडकलेला, डोक्यावर निमूट पडून असलेला पत्रा फारच थोडे तंतू सोडतो, कारण सिमेंटने ते जखडून ठेवलेले असतात. हे व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर कुणी छप्पर उतरवायला काढू नये. धोका श्वासात गेलेल्या तंतूंच्या प्रमाणावर आणि ते किती वर्षे जात राहिले यावर ठरतो. एकदा पत्रा फुटला म्हणून घरातल्यांनी रात्रीची झोप घालवण्याचे कारण नाही. सिमेंटची पकड सुटते ती मुख्यतः दोन प्रकारे. पहिला सावकाश : पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी वरचे सिमेंट वर्षानुवर्षे धुऊन नेते, शेवाळ त्याला पोखरते, आणि जुन्या पत्र्याचा पृष्ठभाग केसाळ, खरखरीत होतो. धुपलेला माल पन्हळीत आणि पागोळीखालच्या मातीत साठतो. म्हणूनच जुन्या पत्र्याला रंग देण्याआधी तो तारेच्या ब्रशने घासणे किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणे हे सर्वांत वाईट. दुसरा प्रकार क्षणात घडतो : हातोडा, ग्राइंडर, वरून खाली फेकणे, आणि नंतर कोरडा झाडू.

फुटका माल वाटेवर टाकल्याने काय होऊ शकते, याचे उत्तर नेदरलँड्समधल्या खोर या गावाने दिले आहे. तिथे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा कारखाना होता. कारखान्याचा टाकाऊ माल अनेक वर्षे आसपासच्या शेतकऱ्यांना मिळत राहिला आणि त्यांनी तो अंगणे आणि कच्चे रस्ते टणक करायला वापरला. पुढे त्या भागातल्या अशा स्त्रियांना मेसोथेलिओमा झाल्याचे आढळले ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल ठेवले नव्हते. गाड्या आणि सायकली त्या रस्त्यांवरून जात, वाळलेली भुकटी उडे, आणि ती त्यांच्या श्वासात जाई. खोरचा माल आपल्या फुटक्या पत्र्यापेक्षा अधिक सुटा होता आणि त्यात निळे अ‍ॅस्बेस्टॉसही होते, जे पांढऱ्याहून घातक असते. त्यामुळे तिथले प्रमाण जसेच्या तसे इथे लावता येणार नाही. पण घडण्याची रीत तीच आहे. पायवाटेवरचा तुकडा चिखलात असेपर्यंत गप्प असतो. ऑक्टोबरात वाट सुकते, ट्रॅक्टर आणि दुचाकी त्याला रोज दळतात, आणि फेब्रुवारीत तीच धूळ ओटीवर येऊन बसते.

वादळाशी आणखी जवळचे उदाहरण जपानच्या कोबे शहराचे. जानेवारी 1995 च्या भूकंपानंतर पडलेल्या इमारती घाईघाईने पाडण्यात आणि उचलण्यात आल्या. त्या कामावर असलेल्या काहींना पुढे मेसोथेलिओमा झाला आणि तो त्या कामामुळेच झाल्याचे तिथल्या सरकारी यंत्रणेने मान्य केले. त्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात आयुष्य घालवले नव्हते, फक्त आपत्तीनंतरचा ढिगारा उपसला होता.

मग पत्रा काढायचा कसा? एक घर डोळ्यांसमोर धरू. समजा, पनवेलजवळच्या एखाद्या गावात 10 मीटर लांबीचे दोनपाखी घर आहे. दोन्ही बाजूंना 3 मीटर लांबीचे, सुमारे 1.05 मीटर रुंदीचे पत्रे एकमेकांवर चढवून बसवले आहेत. प्रत्येक पाख्याला दहा, असे वीस पत्रे. एका पत्र्याचे वजन सुमारे 40 किलो, म्हणजे सगळे छप्पर 800 किलोचे, आणि त्यात 64 ते 80 किलो अ‍ॅस्बेस्टॉस. वादळात चार पत्रे फुटले आहेत, सोळा शाबूत पण जुने आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार वीस वर्षांनी येईल, पण पत्रा फुटून खाली पडलेला माणूस त्याच दिवशी जातो. जुना पत्रा वरून भक्कम दिसतो आणि काही न सांगता तुटतो. बोल्टच्या रांगेवरून, म्हणजे खाली वासा आहे तिथून चालले की चालते, हा पत्रेवाल्यांचा भरवसा खोटा आहे, कारण पाय घसरायला एक वीत पुरते. शक्य असेल तिथे खालून, परांची बांधून काम करावे. वर जावेच लागले तर दोन-तीन वाशांवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकाव्यात आणि पट्टा बांधावा.

वाऱ्याचा दिवस टाळावा. सकाळची वेळ चांगली. घरातली माणसे आणि गुरे दूर न्यावीत, दारे-खिडक्या बंद कराव्यात, घरातले सामान बाहेर काढावे किंवा प्लास्टिकने झाकावे, आणि भिंतीलगत जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरावे. पंखा लावू नये. काम करणाऱ्यांनी एकदा वापरून टाकायचा टोपीसह अंगरखा घालावा, गमबूट घालावेत आणि तोंडाला एफएफपी3 दर्जाचा मास्क लावावा. रुमाल किंवा शस्त्रक्रियेचा निळा मास्क इथे कुचकामी आहे. दाढी असेल तर चांगला मास्कही गालाला चिकटून बसत नाही आणि तंतू कडेने आत शिरतात.

मग पाणी. बादलीत थोडे भांडी घासायचे द्रावण घालून ते पाणी बागेच्या झारीने किंवा फवारणीच्या पंपाने हलक्या हाताने पत्र्यावर सोडायचे. साबणामुळे पाणी पत्र्याच्या छिद्रांत मुरते, नुसते ओघळून जात नाही. पाण्याचा जोर नको, भिजणे हवे. पण ओला पत्रा निसरडा असतो, म्हणून पाणी मारण्याआधी माणूस फळीवर नीट उभा असला पाहिजे. भिजवताना बोल्टभोवतीच्या भोकांवर जास्त लक्ष द्यायचे, कारण सर्वांत जास्त घर्षण तिथेच होणार असते.

कोकणातल्या दमट हवेत जे-बोल्ट हमखास गंजलेले असतात, आणि सगळे काम तिथेच बिघडते. नट फिरत नाही म्हणून पत्रेवाला बोल्टच्या भोवतीचा पत्रा हातोड्याने फोडतो. चार फटक्यांत पत्रा मोकळा होतो आणि बोल्टच्या प्रत्येक जागी पांढऱ्या भुकटीचा ढग उठतो. त्याऐवजी नटावर पाणी किंवा तेल सोडून पान्याने पाहावे, आणि नाहीच फिरला तर बोल्ट कटरने बोल्टच कापावा. ग्राइंडर नको. तो दर मिनिटाला हजारो फेरे मारत तंतू उडवतो. बोल्ट जुने आहेत, ते वाचवण्यात काही अर्थ नाही. वाचवायचा आहे तो पत्रा, अखंड.

सुटलेला पत्रा दोघांनी धरून खाली उतरवायचा, फेकायचा नाही. 40 किलोचा ओला पत्रा शिडीवरून एकट्याने आणण्याच्या नादात तो हातातून सुटतो, म्हणून दोरीने सोडावा किंवा परांचीवरून हातोहात द्यावा. खाली उतरल्यावर तो जाड प्लास्टिकच्या दुहेरी आवरणात गुंडाळून टेपने बंद करावा. गठ्ठा बांधण्यासाठी पत्रा तोडून लहान करण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. आधीच फुटलेले चार पत्रे आणि बारके तुकडे ओले करून हाताने वेचावेत आणि दोन जाड पिशव्यांत, एकात एक, भरावेत. पिशवी अर्धीच भरावी, कारण पत्र्याच्या कडा धारदार असतात आणि भरगच्च पिशवी फाटते. प्रत्येक गठ्ठ्यावर मराठीत ठळक लिहावे : अ‍ॅस्बेस्टॉस, उघडू नये.

झाडू मारायचा नाही. वासे, भिंतीचा माथा आणि जमीन ओल्या फडक्याने पुसायची, आणि फडकी धुवायची नाहीत, त्याच पिशवीत टाकायची. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको, कारण बारीक तंतू त्याच्या पिशवीतून गळून मागच्या बाजूने खोलीत येतात. पन्हळीतला गाळ ओला असतानाच खरवडून पिशवीत भरावा. हे काम लोक नेहमी विसरतात, आणि वीस-तीस वर्षांची धूप तर तिथेच साठलेली असते. शेवटी अंगरखा आतली बाजू बाहेर करत काढावा, तोही पिशवीत टाकावा, मास्क सर्वांत शेवटी काढावा आणि आंघोळ करावी. कामाचे कपडे घरी नेऊन झटकणे आणि घरातल्या बाईने ते धुणे, यातूनही जगभरात स्त्रियांना हा आजार झालेला आहे.

इथपर्यंतचे सगळे एखादा शहाणा पत्रेवाला आणि घरमालक मिळून करू शकतात. पुढचा प्रश्न त्यांच्या हातातला नाही. सोळा गठ्ठे आणि फुटक्या मालाच्या पिशव्या अंगणात उभ्या आहेत. त्या न्यायच्या कुठे?

भंगारवाल्याकडे नाही, कारण तो शाबूत पत्रा पुन्हा विकेल आणि तुटका फोडेल. बांधकामाचा राडारोडा दळून खडी-वाळू बनवणाऱ्या केंद्रावरही नाही. चार पत्रे जरी त्या चक्कीत गेले तरी तिथून निघणारी सगळी खडी दूषित होते आणि ती कुणाच्या तरी घराच्या जोत्यात जाते. जाळून उपयोग नाही, अ‍ॅस्बेस्टॉस जळत नाही म्हणूनच तर ते इतकी वर्षे वापरले गेले. साध्या कचराभूमीवर टाकले तर वरून बुलडोझर फिरतो.

त्याची योग्य जागा धोकादायक कचऱ्याच्या शास्त्रीय भरावात आहे, आणि या बाबतीत पनवेल नशीबवान आहे. मुंबई परिसरातल्या उद्योगांचा धोकादायक कचरा घेणारे सामाईक केंद्र आपल्याच हद्दीत, तळोजा औद्योगिक वसाहतीत आहे. अशा भरावाच्या तळाशी घट्ट दाबलेली माती आणि जाड प्लास्टिकचे अस्तर असते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत पाण्यात झिरपण्याची चिंता कमी आणि हवेत उडण्याची जास्त, म्हणून तिथे महत्त्वाचे असते ते दुसरेच : बंद गठ्ठे न फोडता वेगळ्या कप्प्यात रचणे, यंत्राने थेट न दाबता आधी त्यांच्यावर मातीचा थर देणे, आणि तो कप्पा नकाशावर नोंदवणे. हे तंतू कुजत नाहीत. पन्नास वर्षांनी तिथे खणणाऱ्याला खाली काय आहे ते कळले पाहिजे.

अडचण अशी की, 2016 चे धोकादायक कचऱ्याचे नियम टाकून दिलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचा उल्लेख करतात तो कारखान्यांतल्या उत्पादनाच्या यादीत. भारतीय मानक ब्युरोने अ‍ॅस्बेस्टॉसच्या टाकाऊ मालाच्या विल्हेवाटीसाठी 1986 मध्येच वेगळे मानक काढले, त्याचा क्रमांक आयएस 11768. पण तेही कारखानदाराच्या टेबलावर राहिले. कारखान्याची शेड उतरवली तर मालकाला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, केंद्राचे सदस्यत्व आणि वाहतुकीची पावती हे सगळे ठाऊक असते. चार पत्रे फुटलेल्या घरमालकाने तळोज्याच्या फाटकावर टेम्पो नेऊन उभा केला तर त्याच्याकडे यातले काहीच नसते.

ही दरी पनवेल महानगरपालिका भरून काढू शकते. 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झालेली ही रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका. तळोजा तिच्या दाराशी आहे. प्रत्येक प्रभागात एक बंद, झाकणाचा कंटेनर ठेवावा आणि तो फक्त अ‍ॅस्बेस्टॉससाठी असावा. त्यात गुंडाळलेले गठ्ठेच घ्यावेत. पत्रे काढणाऱ्याला जाड प्लास्टिक, टेप, दोन मास्क आणि दोन अंगरखे असा संच प्रभाग कार्यालयातून मिळावा. कंटेनर भरला की पालिकेने स्वतः, आपल्या नावाच्या पावतीवर, तो तळोज्याला पोहोचवावा. ग्रामीण भागात हेच काम जिल्हा परिषदेने तालुक्याच्या ठिकाणी करावे. नव्या घरबांधणीच्या परवान्यासोबत जुने छप्पर कशाचे आहे आणि ते कुठे जाणार हे लिहून घेतले, तर वर्षाला किती माल येणार याचा अंदाजही हाती येईल.

वादळासाठी वेगळी तयारी लागेल. नव्या पत्र्यांची मदत ज्या ट्रकमधून गावात येते तो ट्रक परत रिकामा जातो. त्याच ट्रकमधून प्लास्टिकचे रोल आणि मास्क पाठवावेत आणि परतताना बांधलेले गठ्ठे भरून आणावेत. पंचनाम्याच्या कागदावर एक रकाना वाढवावा : फुटलेले पत्रे किती, आणि कुठे ठेवले आहेत. तलाठी तसाही त्या अंगणात उभा असतो. चुऱ्यावर त्याच दिवशी पाणी मारून ताडपत्री टाकली, तर ट्रक यायला आठ दिवस लागले तरी चालतील, आणि मधल्या काळात तो चुरा पायवाटेवर जाणार नाही.